टाइम ट्रॅव्हल, पण गणित न चुकणारे चित्रपट

> ‘टाइम ट्रॅव्हलचे असे चित्रपट सुचवा ज्यांत लूपहोल नसेल. “मग सरळ आणखी मागे का नाही गेला?” असं मनात आलं की माझा मूडच जातो.’

‘टाइमक्राइम्स’ (2007, स्पॅनिश) पासून सुरुवात करा. माणूस जेमतेम तासभर मागे जातो आणि पात्रं मोजकीच आहेत, त्यामुळे पडताळणी सोपी. इथे भूतकाळ बदलत नाही. प्रवाशाने मागे जाऊन जे केलं ते पहिल्या वेळीच घडलेलं असतं, आपल्याला फक्त लांबून दिसलेलं असतं. भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोव्हिकोव्ह यांचं स्वसुसंगतीचं तत्त्व हेच सांगतं. अशा कथेत एक गोष्ट तपासायची: लांबून पाहिलेला प्रसंग दुसऱ्या बाजूने दिसतो तेव्हा तपशील तेच आहेत ना?

तुमच्या ‘आणखी मागे’चं उत्तर मात्र ‘प्रायमर’मध्ये (2004) आहे. तिथलं यंत्र जितका वेळ मागे नेतं, तितका वेळ आत बसून राहावं लागतं. समजा यंत्र सकाळी 9 ला सुरू केलं आणि दुपारी 3 ला तुम्ही आत शिरलात. आत 6 तास काढून तुम्ही सकाळी 9 ला बाहेर येता. त्याआधी यंत्र सुरूच नव्हतं, म्हणून 9 च्या मागे जाताच येत नाही. एका नियमात प्रश्न मिटला!

आता कागदावर दोन रकाने करा, भिंतीवरचं घड्याळ आणि प्रवाशाचं मनगटी घड्याळ. बाहेर येताना भिंतीवर सकाळचे 9, मनगटावर रात्रीचे 9. 9 ते 3 या वेळात तुम्ही दोघं आहात, म्हणून पहिल्याने कुणाच्या नजरेस न पडणं भाग आहे. चित्रपटातले दोघं त्यासाठी दिवसभर हॉटेलच्या खोलीत बसतात. पहिल्याला यंत्रात शिरूच दिलं नाही तर? दुसरा गायब होत नाही, दोघंही उरतात. म्हणजे इथे भूतकाळ बदलतो, पण नियम पाळून. (एकदा बघून सगळं कळेल अशी अपेक्षा ठेवू नका.)

गडबड होते ती दोन्ही प्रकार मिसळले की. ‘बॅक टू द फ्यूचर’मध्ये (1985) फोटोतली भावंडं एकेक करून पुसट होत जातात. भूतकाळ बदललाच असेल तर फोटो तत्क्षणी बदलायला हवा, हळूहळू का? धमाल चित्रपट आहे, पण तुम्हाला टोचेल.

भूतकाळ न बदलणाऱ्या कथांमध्येही एक जागा कच्ची असते. ‘समव्हेअर इन टाइम’मध्ये (1980) म्हातारी नायिका नायकाला खिशातलं घड्याळ देते, तो ते 1912 मध्ये नेतो आणि तिच्याकडेच राहतं. मग ते बनवलं कुणी? शिवाय प्रत्येक फेरीत ते साठहून जास्त वर्षांनी झिजायला हवं, पण फेरी पूर्ण व्हायची तर अगदी तसंच उरायला हवं. वस्तूऐवजी निरोप फिरत असेल तर झिजेचा प्रश्न येत नाही, पण तो मुळात सुचला कुणाला हे उरतंच.