ताळा बरोबर येतोय तरी मार्क कापले?

"सर, √(x + 7) = x − 5 सोडवलं, वर्ग करून x = 9 आणि x = 2 आलं. दोन्ही समीकरणात टाकून ताळा पण घेतला, दोन्हीचं शून्य आलं. तरी क्लासमध्ये पेपरात मार्क कापले, म्हणाले 2 चालत नाही. ताळा बरोबर असून उत्तर चूक कसं?"

ताळा बरोबर घेतलास रे, पण चुकीच्या समीकरणात घेतलास, एवढीच भानगड आहे. "शून्य आलं" म्हणतोयस त्यावरनंच कळलं, कारण दिलेल्या समीकरणात शून्य कुठंच नाही, शून्य आहे ते तू नंतर तयार केलेल्या x² − 11x + 18 = 0 मध्ये. त्यात 2 टाकलास तर 4 − 22 + 18 = 0 आणि 9 टाकलास तर 81 − 99 + 18 = 0, दोन्ही येणारच, कारण ती मुळं त्याच समीकरणाची आहेत. पेपरात मात्र विचारलंय वरचं, वर्गमूळवालं.

आता त्या वरच्यात टाकून बघ. x = 9 घेतलं तर डावी बाजू √16 म्हणजे 4, उजवी 9 − 5 म्हणजे 4, जमलं. x = 2 घेतलं तर डावी √9 म्हणजे 3 आणि उजवी 2 − 5 म्हणजे −3. इथं बरीच पोरं म्हणतात की सर √9 म्हणजे ±3 की, मग −3 चालेल. नाही चालत. ज्या संख्येचा वर्ग 9 आहे अशा संख्या दोन, 3 आणि −3, हे खरं, पण √ हे चिन्ह त्यातल्या ऋण नसलेल्या एकाच संख्येसाठी राखून ठेवलेलं आहे. म्हणून तर सूत्रात आपण √ च्या आधी ± वेगळं लिहितो, √ मध्येच ते असतं तर लिहायची गरजच काय होती.

मग हे 2 आलं कुठनं? 3 आणि −3 या दोन वेगळ्या संख्या, पण वर्ग दोघींचा 9. आपल्याकडं गुळाच्या रव्यामागं तीन रुपये सुटले काय आणि तीन रुपये खिशातनं गेले काय, तुम्ही आकड्याचा वर्ग करून वहीत 9 लिहिलात तर नंतर वही बघणाऱ्याला नफा होता का तोटा हे कधीच कळणार नाही. दोन्ही बाजूंचा वर्ग केलास त्या ओळीला तेच झालं, चिन्हाची माहिती पुसली गेली. त्या ओळीपासनं खाली तू एक नाही, दोन समीकरणं एकदम सोडवत होतास, एक दिलेलं आणि दुसरं −√(x + 7) = x − 5. दोघांचा वर्ग अगदी सारखाच, x + 7 = x² − 10x + 25. 9 हे पहिल्याचं मूळ, 2 हे त्या दुसऱ्याचं, टाकून बघ, −3 = −3 येतंय. म्हणजे 2 काही हवेतनं आलेलं नाही, शेजारच्या घरचं पोरगं आपल्या पंगतीत येऊन बसलंय. इंग्रजी पुस्तकात याला एक्स्ट्रेनियस रूट म्हणतात, मी क्लासमध्ये उपरं मूळ म्हणतो.

आता एक गोष्ट जी ताळा घेणाऱ्यांनाही माहीत नसते. ताळा नाही जुळला की पोरं लगेच "उपरं" म्हणून काट मारून मोकळी होतात, पण तो कसा नाही जुळला ते आधी बघायचं. समज तू −10x आणि −x एकत्र करताना चिन्हात घोळ घातलास आणि x² − 9x + 18 = 0 लिहिलंस. अवयव मस्त पडतात, (x − 6)(x − 3), काही संशयही येत नाही. वर टाकलंस तर x = 6 ला डावीकडं √13 आणि उजवीकडं 1, x = 3 ला डावीकडं √10 आणि उजवीकडं −2. इथं "दोन्ही उपरी, उत्तर नाही" असं लिहून येणारे मी बघितलेत, खरं सांगायचं तर बारावीत मी स्वतः एकदा असलंच लिहून आलो होतो आणि वर मित्रांना छाती फुगवून सांगितलंही होतं. दोन्ही बाजूंचा वर्ग एकदाच केला असेल तर खऱ्या उपऱ्या मुळाला दोन्ही बाजूंचा आकडा तोच येतो, फक्त चिन्ह उलटं, 3 आणि −3 सारखं. आकडाच वेगळा आला तर ते उपरं मूळ नाही, तुझी आकडेमोड चुकलीय, वर जाऊन शोध. 

मुळांची बेरीज 11 आणि गुणाकार 18 हा ताळा पण चांगलाच आहे, झटकन होतो, पण तो फक्त वर्गसमीकरणाच्या ओळीपासनं खालचं तपासतो, म्हणजे अवयव बरोबर पाडले का एवढंच. ती ओळच चुकली असेल किंवा उपरं मूळ आत आलं असेल तर तो तोंडातनं शब्द काढणार नाही.

आणखी एक सवय मोडायला लागेल. शाब्दिक उदाहरणात वय, लांबी ऋण नसते म्हणून ऋण मूळ सोडायचं हे दहावीत इतकं घोटलेलं असतं की इथंही पोरं डोळे झाकून ऋण मूळ उडवतात. √(x + 2) = −x घे. वर्ग केला की x² − x − 2 = 0, मुळं 2 आणि −1. सवयीनं −1 उडवलंस की गेलास, कारण x = 2 ला 2 = −2 येतंय आणि x = −1 ला √1 = 1, उजवीकडंही 1. बरोबर आहे ते −1 आणि बाहेर जातंय ते 2. अट x वर नाही, वर्गमूळासमोरच्या बाजूवर आहे, ती ऋण नको.

तीच अट मुळं वेडीवाकडी आली की कामाला येते. √(x + 1) = x − 2 चं x² − 5x + 3 = 0 होतं, मुळं (5 ± √13)/2. आता हे वर्गमूळात टाकून ताळा घेत बसलास तर पेपर संपेल, आणि घ्यायचीही गरज नाही. √13 साधारण 3.6, म्हणजे मुळं 4.3 आणि 0.7 च्या आसपास. उजवी बाजू ऋण नको म्हणजे x किमान 2 पाहिजे, 0.7 बाहेर, 4.3 वालं राहिलं. मुळाखालचं x + 1 ऋण होतंय का ते वेगळं बघायला नको, कारण वर्ग केल्यावर ते (x − 2)² एवढंच असतं आणि वर्ग ऋण कुठला व्हायला. फक्त हे अंदाजाचं काम आकडेमोडीची चूक पकडत नाही, त्यासाठी बेरीज 5 आणि गुणाकार 3 एवढं बघून घे आणि वर्ग केलेली ओळ परत एकदा वाच. आणि दोन वर्गमुळं असलेलं गणित आलं, ज्यात दोनदा वर्ग करावा लागतो, तिथं एका अटीवर विसंबू नको, सरळ दिलेल्या समीकरणात टाकूनच बघ.

पेपरात लिहिताना 2 नुसतं खोडून टाकू नको. खाली लिही, "x = 2 साठी डावी बाजू 3, उजवी बाजू −3, म्हणून x = 2 हे दिलेल्या समीकरणाचं मूळ नाही", आणि मग उत्तर x = 9.