सममित मॅट्रिक्स: ‘मिती’ कशाची, ‘आधार’ कशाचा?

«मिती म्हणजे लांबी, रुंदी, उंची असंच शाळेत शिकलो. मग ३×३ सममित मॅट्रिक्सच्या अवकाशाची मिती ६ आणि ट्रेस शून्य असलेल्या मॅट्रिक्सच्या अवकाशाची ८ कशी? आणि ‘आधार’ न म्हणता ‘पाया’ म्हटलं तर चालेल का?»

‘मिती’च्या मुळाशी संस्कृतातला ‘मा’ हा मोजण्याचा धातू आहे. माप, मान, प्रमाण, परिमाण ही त्याचीच लेकरं. जुन्या पत्रांच्या आणि हुंड्यांच्या माथ्यावर ‘मिती चैत्र शुद्ध पंचमी’ असं असायचं, तिथे लांबी-रुंदीचा काहीच संबंध नव्हता. द्विमिती, त्रिमिती हे शब्द आपल्याला आधी भूमितीत भेटतात, म्हणून ‘मिती’ला दिशेचा अर्थ चिकटला. बीजगणितात तिचा अर्थ मुळाच्या जास्त जवळ आहे: अवकाशातली कुठलीही एक वस्तू नेमकी सांगायला किती संख्या आपल्या मर्जीने, एकमेकींपासून स्वतंत्रपणे निवडाव्या लागतात, त्याची मोजणी. सपाट मैदानावरची जागा सांगायला दोन संख्या लागतात, खोलीत टांगलेल्या दिव्याची सांगायला तीन. ३×३ मॅट्रिक्समध्ये नऊ घरं असतात आणि प्रत्येकात हवी ती संख्या भरता येते, म्हणून अशा सगळ्या मॅट्रिक्सच्या अवकाशाची मिती ९. ‘३×३ म्हणजे त्रिमिती’ हा गैरसमज इथेच सोडून द्यायला हवा.

आता सममित मॅट्रिक्स घ्या. मुख्य कर्णाच्या वरची संख्या आणि खालची संख्या आरशातल्यासारख्या जुळल्या पाहिजेत:

```
a  b  c
b  d  e
c  e  f
```

घरं नऊच आहेत, पण अक्षरं सहा. वरच्या बाजूला b लिहिला की खालच्या घराबद्दल आपलं काही म्हणणं उरत नाही. कर्णावरची तीन घरं आणि वरच्या त्रिकोणातली तीन, म्हणून मिती ६. n×n साठी कर्णावर n आणि वर n(n−1)/2 घरं असतात, त्यांची बेरीज n(n+1)/2.

मोजणी झाली, पण आधार अजून हातात आला नाही. आधार म्हणजे अवकाशातल्याच अशा मोजक्या वस्तू, की त्यांना संख्यांनी गुणून बेरीज केली की अवकाशातली प्रत्येक वस्तू एकाच रीतीने मिळते. बहुतेकांची चूक इथेच होते. i व्या ओळीत आणि j व्या स्तंभात १, बाकी सगळीकडे ०, अशा मॅट्रिक्सला E_ij म्हणू. सममित अवकाशाचा आधार म्हणून पुष्कळ जण E₁₁, E₂₂, E₃₃, E₁₂, E₁₃, E₂₃ अशी यादी देतात. संख्या सहा आहे, तरी उत्तर चुकीचं आहे, कारण E₁₂ मुळात सममितच नाही. आधारातली प्रत्येक वस्तू त्याच अवकाशातली असावी लागते. म्हणून योग्य यादी अशी: E₁₁, E₂₂, E₃₃, E₁₂+E₂₁, E₁₃+E₃₁, E₂₃+E₃₂. वरच्या मॅट्रिक्समधली a, d, f, b, c, e ही अक्षरं याच क्रमाने या सहांचे सहगुणक होतात. सगळी अक्षरं शून्य केल्याशिवाय शून्य मॅट्रिक्स मिळत नाही, यावरून सहाही स्वतंत्र आहेत हे कळतं.

ट्रेस म्हणजे मुख्य कर्णावरच्या संख्यांची बेरीज. जर्मनमध्ये तिला ‘श्पुर’ म्हणतात, म्हणजे पाऊलखूण, माग. इंग्रजी शब्द त्याचाच अनुवाद आहे. ट्रेस शून्य असणं ही नऊ घरांवरची एकच अट: पहिली दोन कर्णसंख्या मनाप्रमाणे निवडा, तिसरी त्यांच्या बेरजेच्या उलट चिन्हाची घ्यावीच लागते. एक स्वातंत्र्य गेलं, म्हणून मिती ८.

आधार शोधताना कर्णाबाहेरची सहा E_ij जशीच्या तशी चालतात, त्यांचा ट्रेस शून्यच असतो. कर्णासाठी मात्र E₁₁ घेता येत नाही, कारण त्याचा ट्रेस १ आहे. तिथे वजाबाकी कामी येते: E₁₁−E₃₃ आणि E₂₂−E₃₃. सहा आणि दोन मिळून आठ. ‘तिन्ही जोड्या घेतल्या तर काय बिघडलं?’ असं वाटून कुणी E₁₁−E₂₂, E₂₂−E₃₃, E₃₃−E₁₁ अशा तिन्ही लिहितात. त्यांची बेरीज करून पाहा, शून्य मॅट्रिक्स येतं. तिसरी पहिल्या दोघींतूनच निघते, म्हणून ती आधारात बसत नाही.

उदाहरणार्थ, कर्णावर ५, −२, −३ आणि बाकी सगळीकडे शून्य असलेलं मॅट्रिक्स घेऊ. पहिल्या आधारात ते असं लिहिता येतं:

5(E₁₁−E₃₃) − 2(E₂₂−E₃₃)

शेवटच्या घरात −५ + २ = −३ येतं, हिशोब जुळला. आता आधार बदलून E₁₁−E₂₂ आणि E₂₂−E₃₃ घेतले, तर तेच मॅट्रिक्स असं दिसतं:

5(E₁₁−E₂₂) + 3(E₂₂−E₃₃)

सहगुणक ५, −२ चे ५, ३ झाले, पण लागल्या दोनच संख्या. एका अवकाशाला अनेक आधार असतात आणि मिती एकच असते. त्यामुळे ‘आधाराची मिती’ हा प्रयोग मला खटकतो. आधारात सदस्य असतात, त्यांची संख्या असते. मिती असते ती अवकाशाची.

‘पाया’बद्दल. बोलताना तो चालेल, पण लिहिताना मी ‘आधार’च वापरेन. शालेय गणितात ‘पाया’ हा शब्द घातांकाच्या जोडीला आधीच बसला आहे: 2⁵ मध्ये पाया २, घातांक ५. शिवाय पाया हा इमारतीला एकच असतो आणि तो इमारतीखाली असतो. आधार इथे अवकाशातल्याच वस्तूंचा संच आहे आणि तो निवडता येतो. E₁₂ वाली चूक टाळण्यासाठीही हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दोन्ही अटी एकत्र घातल्या, म्हणजे सममितही हवं आणि ट्रेसही शून्य हवा, तर ६ मधून एक जाऊन मिती ५ उरते. ही पाच प्रत्यक्षात भेटते. घन पदार्थातल्या एका बिंदूपाशी असलेला ताण अभियंते ३×३ सममित मॅट्रिक्सने मांडतात, म्हणून त्यांना सहा संख्या लागतात. त्या मॅट्रिक्समधून ते कर्णाची सरासरी वेगळी काढतात. ही सरासरी सगळ्या दिशांना सारखा असलेला दाब किंवा खेच दाखवते, आणि सगळ्या दिशांना सारखेच गुणधर्म असलेल्या पदार्थात तिच्यामुळे आकारमान बदलतं. उरलेला भाग ट्रेस शून्य असलेला, पाच संख्यांचा. आकार वेडावाकडा होतो तो त्याच्यामुळे. समजा कर्णावर ९०, ३०, ० (मेगापास्कल) आहेत आणि बाकी घरं शून्य. सरासरी ४०. ती वजा केली की कर्णावर ५०, −१०, −४० उरतात. यांची बेरीज शून्य आली नाही, तर समजावं की सरासरी काढताना चूक झाली.

ही विभागणी करताना आपण तीनने भागतो, आणि वास्तव संख्यांमध्ये त्याला कुणाची हरकत नसते. पण संख्या ३ ने भागून उरणाऱ्या बाकीच्या पद्धतीत, म्हणजे फक्त ०, १, २ यांच्यात, गणित केलं तर ३ म्हणजेच ०, आणि त्याने भागताच येत नाही. तिथे कर्णावर १, १, १ असलेल्या एकक मॅट्रिक्सचा ट्रेसही शून्य होतो, त्यामुळे ‘सरासरीचा भाग’ आणि ‘ट्रेस शून्य भाग’ वेगळे राहत नाहीत. ट्रेस शून्य अवकाशाची मिती मात्र तिथेही ८ च येते, आणि वर दिलेला आठ जणांचा आधारही तसाच चालतो, कारण तो लिहिताना आपण कुठेही भागाकार केला नव्हता.