पाळीच्या अकराव्या दिवशी एकदाच संबंध आला, तर दिवस राहण्याची शक्यता किती?

प्रश्न : माझी पाळी 28 दिवसांची आहे, कधी दोन-तीन दिवस पुढेमागे होते. परवा, म्हणजे अकराव्या दिवशी, कंडोमशिवाय एकदाच संबंध आला. एकदाच झालं तर चान्स किती असतो? आणि कोणते दिवस सेफ धरायचे?

उत्तर :

मूल नको असेल तर आधी औषधाच्या दुकानात जाऊन या, बाकीचं नंतर वाचा. लेव्होनॉरजेस्ट्रेलची 1.5 मिलिग्रॅमची एक गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. ती संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची आणि जितकी लवकर घ्याल तितकी बरी. परवाचं म्हणताय म्हणजे तुमच्याकडे अजून वेळ आहे, पण फार नाही.

आता आकडा. अकराव्या दिवशीच्या एका संबंधातून दिवस राहण्याची शक्यता ढोबळमानाने शंभरात पाच ते आठ असते. हा आकडा कुठून येतो ते सांगते, कारण त्यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

स्त्रीबीज बीजांडकोशातून बाहेर पडलं की फार तर दिवसभर टिकतं. पुरुषबीजं मात्र आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून दिवस राहायचे तर संबंध बीज सुटण्याच्या आधीच्या पाच दिवसांत किंवा त्याच दिवशी यावा लागतो. एकूण सहा दिवस. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात 221 स्त्रियांनी मूल हवं असताना रोज लघवीचा नमुना आणि संबंधाची नोंद ठेवली होती. त्या अभ्यासाचे निष्कर्ष 1995 साली आले आणि ते आजही प्रमाण मानले जातात. सहा दिवसांतल्या पहिल्या दिवशी गर्भधारणेची शक्यता साधारण 10 टक्के निघाली आणि बीज सुटण्याच्या दिवशी 33 टक्के. बीज सुटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून एकही गर्भधारणा नाही. त्या 33 टक्क्यांत पुढे लगेच आपोआप गळून गेलेले गर्भही धरले आहेत, म्हणजे प्रत्यक्ष पाळी चुकून लक्षात येणारी संख्या याहून कमी.

इथे लोक गल्लत करतात. कुठेतरी '33 टक्के' वाचतात आणि घाबरतात, नाहीतर कुठेतरी '3 टक्के' वाचून निर्धास्त होतात. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पहिला म्हणतो, बीज आजच सुटलंय हे पक्कं ठाऊक असेल तर किती. दुसरा म्हणतो, महिन्यातला कुठलाही एक दिवस उचलला तर सरासरी किती. तुम्हाला मात्र यातलं काहीच माहीत नाही. तुम्हाला फक्त कॅलेंडरवरचा अकरावा दिवस माहीत आहे.

मग असा विचार करा. त्याच संशोधकांनी 2000 साली पाहिलं की कुठल्या तारखेला किती बायका त्या सहा दिवसांच्या आत असतात. सातव्या दिवशी 17 टक्के होत्या. बाराव्या-तेराव्या दिवशी, म्हणजे अगदी शिखरावर, 54 टक्के. शिखरावरसुद्धा जेमतेम निम्म्या! आता हिशेब सोपा होतो. तेराव्या दिवशी शंभरातल्या 54 जणी आत आहेत, आत असलेल्यांपैकी सरासरी सहा जणींत एकीला एका संबंधातून दिवस राहतात असं धरलं, तर नऊ जणी येतात. प्रत्यक्ष अभ्यासातही तेराव्या दिवसाचा आकडा 9 टक्क्यांच्या जवळच निघाला. सातव्या दिवशी आत फक्त 17 जणी आणि त्याही बहुतेक त्या सहा दिवसांच्या खिडकीच्या सुरुवातीला, म्हणून तो आकडा सुमारे 2 टक्क्यांवर येतो. तुमचा अकरावा दिवस या दोहोंच्या मध्ये, पण तेराव्याच्या जवळ. पहिल्या तीन दिवसांत शक्यता जवळपास नाही आणि तेराव्यानंतर ती उतरत जाते, पण पटकन शून्य होत नाही. मुद्दाम सांगते, सहाव्यापासून एकविसाव्यापर्यंत प्रत्येक दिवशी किमान दहा टक्के बायका त्या खिडकीत होत्या. 'दहा ते सतरा सोडून बाकी सेफ' हा आपल्याकडचा लाडका नियम तिथेच मोडतो. जेमतेम तीस टक्के बायकांची खिडकी पूर्णपणे त्या आठ दिवसांत बसली.

मोजण्यातली एक चूक मला ओपीडीत जवळपास रोज दिसते. 'अकरावा दिवस' कुठून मोजला? अंगावर जायला लागलं तो पहिला दिवस. पाळी थांबली तो नव्हे. गेल्या वर्षी एक नवी लग्न झालेली मुलगी आली होती, मोबाइलवरचं कॅलेंडर दाखवत. 'मॅडम, पाळी संपल्यावर दुसऱ्याच दिवशी झालं, तेव्हा तर काही होत नाही ना?' तिची पाळी 24 दिवसांची, रक्तस्राव सहा दिवस. संबंध आला तो सातव्या दिवशी. पुढची पाळी चोविसाव्या दिवसानंतर येणार म्हणजे तिच्या दोन आठवडे आधी, साधारण दहाव्या-अकराव्या दिवशी बीज सुटतं. सातव्या दिवशी पोचलेली पुरुषबीजं दहाव्या दिवशी वाट बघत तिथेच होती. तिच्या टेस्टवर दुसरी रेघ अगदी ठळक उमटली होती. मोबाइलमधल्या अ‍ॅपने मात्र तिला सातवा दिवस हिरवा दाखवला होता. अ‍ॅप मागच्या महिन्यांवरून अंदाज बांधतं, तुमच्या बीजांडकोशात डोकावत नाही. आजारपण, जागरणं, लांबचा प्रवास यांनी बीज आठवडाभरसुद्धा पुढे जाऊ शकतं.

तुमच्या बाबतीत 28 दिवसांत दोन-तीनची मागेपुढे आहे. बीज अकराव्याला सुटलं असेल, तर तुम्ही थेट शिखरावर होतात. सतराव्याला सुटणार असेल, तर परवाच्या संबंधाचा काही उपयोग नाही, सहा दिवस तग धरणारी पुरुषबीजं सहसा नसतात. यातलं काय घडलं हे आज कुणी सांगू शकत नाही.

याच कारणाने गोळीचीही मर्यादा असते. ती मुख्यतः बीज सुटणं पुढे ढकलते. बीज सुटायची वेळ आली असेल किंवा सुटूनच गेलं असेल, तर ती फारसं काही करत नाही. तुमचा दिवस अगदी उंबरठ्यावरचा आहे, म्हणून नक्की टाळायचं असेल तर पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं गोळीपेक्षा कितीतरी खात्रीचं, आणि पुढची काही वर्षंही सोय होते. गोळी घेतल्यावर त्याच महिन्यात पुन्हा कंडोमशिवाय संबंध आला तर ती गोळी त्याला पुरत नाही. उलट पुढे ढकललेलं बीज तेव्हाच सुटू शकतं.

गोळीनंतर पाळी काही दिवस मागेपुढे होईल, त्याने घाबरू नका. थोडेसे डाग पडले तर ती पाळी समजून सुटकेचा श्वासही टाकू नका. टेस्ट परवाच्या संबंधापासून तीन आठवड्यांनी करा, सकाळच्या पहिल्या लघवीवर. त्याआधी केलेल्या टेस्टवर एकच रेघ आली तरी तिला अर्थ नाही, कारण गर्भ रुजायलाच आठ-दहा दिवस जातात आणि टेस्टला लागणारं हार्मोन त्यानंतर बनायला लागतं.