धुऱ्याचा वाद आणि अडलेली माफी

चुलतभावाशी शेताच्या धुऱ्यावरून भांडण आहे, त्यात मी काकांवरून शिवी दिली. मोजणीला दोघंही तयार, पण आधी बोलणार कोण?

भाऊ, माफी आणि धुरा वेगळे ठेवा. शिवी पारावर चारचौघांत दिली असेल, तर माफीही त्याच चौघांसमोर मागा. घरी गुपचूप मागितलेली पुरत नाही. "त्या दिवशी काकांवरून बोललो, ते चुकलं," एवढंच म्हणा. "चुकलं असेल तर" किंवा "पण तूही" आलं की माफी गेली. त्यात जमिनीचा विषय काढू नका, नाहीतर हक्क सोडल्यासारखं दिसते.

मोजणीचा विषय आत्याला काढू द्या; तिचं ऐकलं म्हणजे कोणी कोणापुढे झुकलं नाही. भूमी अभिलेखात अर्ज केल्यावर लगतच्या शेतकऱ्याला नोटीस जाते. ती नोटीस आत्याच्या निरोपाआधी पोचली, तर पुन्हा बिनसते. फी निम्मी-निम्मी भरा, म्हणजे मोजणी दोघांचीच राहते.