१०० लीटर दुधाच्या दह्याचा हिशोब

प्रश्न: मुरबाडला आमच्याकडे रोज १०० लीटर गाईचं दूध निघतं. डेअरी ३४ रुपये लीटर देते आणि ठाण्यात ४०० ग्रॅम दह्याचा कप ४० रुपयांना विकला जातो. मधले पैसे कोण खातं? मीच कप भरून ठाण्यात विकले तर परवडेल का?

उत्तर: परवडू शकतं, पण दुकानातून किती कप परत येतात यावर सगळं अवलंबून आहे. मी तळोज्याला एका डेअरीत क्वालिटी बघतो, त्यामुळे रोजचं हेच चालू असतं.

पनीर करताना दुधातलं बरंचसं पाणी निघून जातं, दह्यात तसं होत नाही. लीटरभर दुधाचं साधारण किलोभर दही होतं. सांडलवंड धरून तुमच्या १०० लीटरचे २५० कप भरतील, म्हणजे छापील किमतीने १०,००० रुपये. आता खर्च धरू. हे आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे भाव घालून बघा. वितरक आणि दुकानदार मिळून १५ टक्के, म्हणजे हातात ८,५००. दुधाचे ३,४०० गेले. छापलेला कप आणि वरचं सील चार रुपयांना धरलं तर १,००० गेले. मुरबाडहून ठाण्यापर्यंत थंड गाडी १,८००. वीज, तापवणं, गार करणं, विरजण आणि माणसं मिळून १,५००. उरले ८००. एक कप परत आला की त्या कपाचे हातात येणारे ३४ रुपये बुडतात, म्हणजे २४ कप परत आले की दिवसाची कमाई साफ. (वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत आहे असं समजून जीएसटी धरलेला नाही. वर गेलात तर पॅकबंद दह्यावर ५ टक्के लागतो.)

म्हणून कप परत का येतो ते नीट बघा. आमच्याकडे परत आलेला क्रेट उघडला की आधी झाकणाकडे नजर जाते. झाकण फुगलेलं असेल तर आत यीस्ट किंवा कोलिफॉर्म जिवाणू वाढलेत, म्हणजे भांडी, नळ्या किंवा भरण्याच्या जागेची स्वच्छता ढिली पडली. झाकण सपाट आहे, पण कप तिरका केल्यावर हिरवट पाणी वाहतं आणि चव झोंबते, तर दह्याला कुठेतरी ऊब लागली. दह्यातले जिवाणू गार असताना फक्त सुस्तावतात, मरत नाहीत. वीजबिल वाचवायला रात्री फ्रिज बंद करणारे दुकानदार असतात, आणि पैसे परत मागायला तेच पुढे!

पाणी सुटायचं दुसरं कारण मात्र आपल्याच घरात असतं. दूध ९० अंशांना पाच मिनिटं धरायला हवं. नुसती उकळी दाखवून भागत नाही. या तापमानाला दुधातली व्हे प्रथिनं उलगडून केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात आणि मग दही पाणी धरून ठेवतं. त्यानंतर ४२-४३ अंशांना आणून विरजण घालायचं, लगेच कप भरायचे आणि त्याच उबेत चार-पाच तास ठेवायचे. पीएच ४.६ ला आला की ताबडतोब कोल्ड रूममध्ये. कपाचा मध्य गार व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात आंबटपणा आणखी थोडा वाढतोच. तेव्हा ‘अजून जरा घट्ट होऊ दे’ म्हणून थांबलात तर दुकानात पोचेपर्यंत दही आंबलेलं असेल. आणि नेताना गरम कप हिंदकळू देऊ नका. लागत आलेल्या दह्याला धक्का बसला की कवडी तुटते, ती परत जुळत नाही.

एखाद्या दिवशी दही लागतच नाही. विरजण बदललेलं नसेल आणि तापमानही बरोबर असेल, तर गोठ्यात विचारा की कुठल्या गाईच्या कासेत अँटिबायोटिक ट्यूब सोडलीय का. तिचं दूध मिसळलं तर अख्ख्या १०० लीटरमधले विरजणाचे जिवाणू अडकू शकतात. औषधावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत ते दूध वेगळं ठेवा. तपासायला तयार स्ट्रिप मिळतात.

मला विचाराल तर सुरुवातीला दुकानात जाऊच नका. घोडबंदर रोडच्या दोन-तीन सोसायट्यांत आदल्या दिवशी ऑर्डर घ्या, मागितले तेवढेच कप भरा आणि उरलेलं दूध डेअरीला घाला. १५ टक्के वाचतात, परत येणारे कप जवळपास शून्यावर येतात. फक्त गाडीखर्च सोसायला एका फेरीत निदान १५० कप तरी जायला हवेत. त्याहून कमी मागणी असेल तर बदलापूरला विका, अंतर कमी पडेल. गाईच्या दह्याची कवडी म्हशीइतकी घट्ट नसते, हे गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगून टाका. अन्नसुरक्षेचा परवाना किंवा नोंदणी आणि कपावर तारीख मात्र पहिल्या कपापासून लागते.