ऑडिओबुकवर लेखिकेचंच नाव नाही : आधी करारावरची तारीख बघा

प्रश्न : मी निपाणीची. बिडी कामगार बायकांवरची माझी कादंबरी पुण्याच्या प्रकाशकाने छापली. 10 फेब्रुवारी 2021 च्या करारात ‘ऑडिओ हक्क प्रकाशकाकडे’ अशी एक ओळ आहे. ऑगस्ट 2023 मध्ये ऑडिओबुक आलं, पण नाव बदललंय, लेखकाच्या जागी वाचणाऱ्या बाईंचं नाव आहे आणि वर्णनात कोल्हापूरची प्रेमकथा लिहिलंय ओ! लिंक आली तेव्हा मी न ऐकताच ‘छान, अभिनंदन’ कळवलं. आता केस करू का?

ताई, नाव बदललं म्हणून तुम्हाला सगळ्यात जास्त राग आलाय, पण कायद्यात तोच मुद्दा सगळ्यात कच्चा आहे. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, सुप्रीम कोर्टाने 2015 साली एका सिनेमाच्या नावावरून हे स्पष्ट केलंय. वर्णन तर प्रकाशकाच्या ऑफिसात कुणीतरी लिहिलेलं असतं, ते तुमच्या कादंबरीचा भाग नाही, त्यामुळे ‘माझ्या कृतीची मोडतोड केली’ असं म्हणणं तिथे किती टिकेल सांगता येत नाही.

तुमची केस उभी आहे ती तारखांवर. कॉपीराइट कायदा 1957, कलम 19, पोटकलम 4. हक्क लिहून घेतल्यापासून एक वर्षाच्या आत ते वापरले नाहीत तर ते हक्क संपतात, करारात वेगळं काही लिहिलं असेल तरच वाचतात. म्हणजे छापील पुस्तक निघालं असलं तरी ऑडिओचा हक्क 10 फेब्रुवारी 2022 च्या सुमारास तुमच्याकडे परत आला आणि त्यानंतर दीड वर्षाने प्रकाशकाने जे प्लॅटफॉर्मला दिलं ते त्याच्या हातात नव्हतंच, असं आपण म्हणू शकतो. स्टुडिओ बंद होते, वाचणारं कोणी मिळालं नाही, ही कारणं ते सांगतील, पण त्या पोटकलमात अशा कारणांना जागा ठेवलेली नाही. म्हणून आजच कराराची सगळी पानं काढा आणि ‘वापर केला नाही तरी हक्क कायम राहतील’ अशा अर्थाचं वाक्य कुठे आहे का बघा, छापील फॉर्मच्या मागच्या पानावर असलं काहीतरी असतं आणि सही करताना ते कोणी वाचत नाही, तुम्हीही वाचलं नसणार. तसं वाक्य असेल तर हा मुद्दा गेला. मग उरतं पोटकलम 5, करारात मुदतच लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात, म्हणजे फेब्रुवारी 2026 पर्यंत.

आता ते ‘छान, अभिनंदन’. का हो लिहिलं न ऐकता? 2012 च्या दुरुस्तीनंतर लायसन्सच्या कलमातून सहीची अट गेली, लेखी असलं की पुरे असं कलम 30 म्हणतं, त्यामुळे तो मेसेज म्हणजे नवी परवानगीच असं प्रकाशकाचा वकील म्हणणारच. माझ्या मते अभिनंदन म्हणजे परवानगी नव्हे, आणि कलम 30अ मुळे कलम 19 मधली सहीची अट लायसन्सलाही लागू होते, असा मुद्दा आपल्यालाही मांडता येतो. पण त्यानंतर ऑडिओची रॉयल्टी खात्यात घेतली असेल तर आपली बाजू लंगडी होते. तेवढं बँकेचं पासबुक तपासून मला कळवा, आणि तोवर प्रकाशकाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक अक्षरही लिहू नका.

लेखिका म्हणून नावाचं मात्र काहीच अडत नाही. कलम 57 चा हक्क सगळे हक्क लिहून दिल्यावरही लेखकाकडेच राहतो, त्यामुळे ते नाव उद्या मागितलं तरी द्यावंच लागेल. फक्त वाचणाऱ्या बाईंचं नाव काढा असं लिहू नका, वाचक म्हणून ओळख मिळण्याचा त्यांना कलम 38ब खाली स्वतःचा हक्क आहे. त्यांचं नाव ‘वाचन’ या रकान्यात जावं आणि ‘लेखक’ या रकान्यात तुमचं यावं, एवढंच मागा.

केस करायची तर कलम 62 प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात म्हणजे बेळगावात करता येते, पुण्याला जायला नको. पण करारात ‘फक्त पुणे न्यायालय’ असं असेल तर पहिले कित्येक महिने त्याच्यावरच भांडण चालेल. शिवाय मराठी करार आपल्याकडच्या कोर्टात द्यायचा म्हणजे कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, मग त्यातल्या एकेका शब्दावर हरकत, मग पुढची तारीख. आणि भरपाईला मुदत तीन वर्षांची, म्हणजे तुम्ही थांबाल तशी जुनी विक्री मागणीतून निसटत जाते.

म्हणून आधी नोटीस. तारखेसकट लिस्टिंगचे स्क्रीनशॉट काढा, फोन विकू किंवा रीसेट करू नका, पुढे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट त्याच्यावरून करायचंय. नोटीस प्रकाशकाला, प्रत प्लॅटफॉर्मला, कारण प्लॅटफॉर्मवरची माहिती बहुतेक वेळा प्रकाशकाने भरून पाठवलेल्या शीटमधूनच येते आणि ती तोच दुरुस्त करून पाठवू शकतो. हक्क संपलाय, पंधरा दिवसांत ऑडिओबुक उतरवा नाहीतर नवा करार करा, असं त्यात लिहू. नव्या करारात मूळ नाव, दोन्ही रकाने आणि तुम्ही पास केलेलं वर्णन परिशिष्ट म्हणून जोडायचं, म्हणजे आज कायद्यात कच्चं असलेलं शीर्षक आणि वर्णन उद्या कराराने पक्कं होईल. मुदतही आकड्यात घालायची.