सिकलसेल असलेला विद्यार्थी, पाण्याची बाटली आणि ताप : वर्गशिक्षकांना लिहिलेले एक पत्र

“सिस्टर, माझ्या सहावीच्या वर्गातील एका मुलाच्या कार्डावर ‘एसएस’ असे लिहिलेले आहे. तो जवळजवळ प्रत्येक तासाला लघवीला जाण्याची परवानगी मागतो, अधूनमधून पाय दुखतात म्हणून खेळाच्या तासाला बसून राहतो आणि त्याचे डोळे पिवळे दिसतात. यातले खरे किती आणि बहाणा किती, हे मला कळत नाही. वर्गात काही झाले तर थांबून पाहावे की लगेच दवाखान्यात न्यावे?”

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

त्याला लघवीला पाठवत जा, आणि मागेल तेव्हा पाठवत जा. तो पाणी जास्त पितो म्हणून लघवी जास्त होते, असे आपल्याला वाटत असेल. प्रत्यक्षात बऱ्याच अंशी उलट आहे. निरोगी मुलाला पाणी कमी मिळाले की मूत्रपिंड पाणी राखून ठेवते आणि लघवी थोडी व गडद होते. सिकलसेलच्या मुलांत मूत्रपिंडाच्या आतल्या भागातील बारीक रक्तवाहिन्यांना लहानपणीच इजा होते आणि पाणी राखण्याची ही शक्ती कमी होत जाते. त्यामुळे दिवसभर घोटभरही पाणी न पिता तो पातळ लघवी करतच राहतो आणि शरीर आतून सुकत जाते. वसतिगृहात अशी काही मुले रात्री अंथरूण ओले करतात, त्याचेही एक कारण हेच आहे. रात्री पाणी बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

पाणी कमी पडल्यावर काय होते, तेही सांगते. ‘एसएस’ म्हणजे आई आणि वडील या दोघांकडूनही सिकलचा दोष आलेला. अशा मुलाच्या तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यानंतर एकमेकांना चिकटून लांब काड्या तयार करते आणि गोल, मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. पेशीतले पाणी जितके कमी, तितके हिमोग्लोबिन दाट आणि तितक्या लवकर ती वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढच्या हाडामांसाला रक्त पोहोचत नाही, आणि त्या वेळी होणारी वेदना बाहेरून दिसत नाही. सूज नाही, जखम नाही, म्हणून ती बहाणा वाटते. याच पेशी सुमारे १२० दिवसांऐवजी दहावीस दिवसांतच फुटतात, आणि त्यातून सुटणाऱ्या पिवळ्या रंगामुळे डोळे पिवळे दिसतात. ही संसर्गाची कावीळ नाही आणि ती शेजारी बसणाऱ्याला होत नाही. पिवळेपणा नेहमीपेक्षा एकाएकी वाढला तरच मला सांगावे.

त्याचे वजन २८ किलो आहे. त्याच्या डॉक्टरांनी दिवसाला दोन ते अडीच लिटर पाणी सांगितले आहे. हे एका दमात पिऊन चालत नाही, कारण तसे प्यालेले पाणी तासाभरात निघून जाते. त्याच्याजवळ पाऊण लिटरची बाटली आहे. ती मधल्या सुट्टीपर्यंत एकदा आणि शाळा सुटेपर्यंत दुसऱ्यांदा रिकामी व्हावी, उरलेले पाणी वसतिगृहात होईल. मार्चनंतर किंवा खेळाच्या दिवशी आणखी एक बाटली लागेल. बाटली बाकावरच राहू द्यावी आणि दोन घोटांसाठी त्याला हात वर करावा लागू नये. परवानगी मागावी लागली की मुले पिणेच सोडतात, हे मी पाहिले आहे.

पूर्वी मी ज्या निवासी शाळेत होते, तेथील सातवीतल्या एका मुलीची हकीकत सांगते. तीत चूक माझीही होती. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या कवायतीचा सराव सकाळी सातला सुरू होत असे. मुली थंड पाण्याने आंघोळ करून मैदानावर येत. स्वच्छतागृह दूर होते आणि रांग सोडलेली शिक्षकांना चालत नसे, म्हणून ती पाणीच पीत नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी पाय आणि पाठ दुखते म्हणून ती माझ्याकडे आली. मी ताप न मोजताच पॅरासिटामॉलची गोळी दिली आणि ब्लँकेट पांघरून झोपवले. संध्याकाळी ताप १०२ भरला. पुन्हा गोळी दिली, ताप ९९ वर आला आणि सकाळी पाहू असे मी ठरवले. पहाटे तीनला ती भरभर श्वास घेऊ लागली, छातीत दुखते म्हणाली आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ८९ आकडा आला. १०८ ची रुग्णवाहिका बोलावून तिला आधी ग्रामीण रुग्णालयात आणि तेथून जिल्हा रुग्णालयात नेले. एक्स-रेमध्ये फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसत होता. प्राणवायू, प्रतिजैविके आणि रक्त देऊन नऊ दिवसांनी ती बरी झाली.

ताप उतरला म्हणजे धोका टळला, अशी माझी समजूत होती. या मुलांची प्लीहा जंतू गाळण्याचे काम नीट करत नाही, त्यामुळे रक्तात शिरलेला जंतू काही तासांत जीव धोक्यात आणू शकतो. गोळीने फक्त थर्मामीटरचा आकडा उतरतो. म्हणून त्याचे काहीही दुखले तरी आधी ताप मोजायचा आणि मगच गोळी, असा नियम मी तेव्हापासून पाळते. ताप १०१ फॅरनहाइट किंवा अधिक असेल, तर तो हसतखेळत असला तरी त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना. हे आपल्याला अतिरेकी वाटेल, पण येथे मी तडजोड करणार नाही.

ताप नसतानाही काही गोष्टींत थांबायचे नाही. छातीत दुखणे किंवा धाप लागणे. बोलणे अडखळणे, तोंड एका बाजूला ओढले जाणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, आकडी येणे किंवा एकदम असह्य डोके दुखणे, कारण मेंदूचा झटका या मुलांना या वयातही येतो. आणि ओठ-तळवे अचानक पांढरे पडून, डाव्या बरगडीखाली पोट फुगून मूल मलूल होणे, कारण तेव्हा प्लीहेत रक्त साचत असते. लुळेपणा दहा मिनिटांत आपोआप गेला तरी पाठवायचेच. मुलग्यांत लिंग ताठून दुखत राहण्याचा त्रासही होतो. तो लाजून सांगणार नाही, म्हणून पोटाखाली हात धरून बसलेला दिसला तर त्याला बाजूला घेऊन विचारावे आणि मला बोलवावे.

नुसते हातपाय दुखत असतील आणि ताप नसेल, तर त्याला माझ्या खोलीत पाठवावे. मी पाणी, कोमट शेक आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी देते. बर्फ मात्र कधीही लावायचा नाही, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. तासाभरात वेदना कमी झाली नाही, तर मी पुढे पाठवते. खेळातून त्याला वगळू नये. तो थकला की त्याला बसू द्यावे आणि दर पंधरावीस मिनिटांनी पाणी प्यायला लावावे. फक्त शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावू नयेत. सकाळच्या थंडीत त्याचा स्वेटर गणवेशाचा नाही म्हणून काढायला लावू नये, ही विनंती इतर शिक्षकांनाही करावी.

हे सर्व आपल्याला लिहिण्याची परवानगी मी त्याच्या वडिलांकडून घेतली आहे, वर्गाला सांगण्याची नाही. सोबत त्याच्या कार्डाची प्रत, वडिलांचा आणि अधीक्षकांचा फोन क्रमांक जोडला आहे; ही पाने आपल्या टेबलाच्या खणात ठेवावीत. मी रजेवर असेन त्या दिवशी थर्मामीटर कार्यालयातील कपाटात मिळेल, आणि १०८ ला फोन करताना ‘सिकलसेल, एसएस’ हे शब्द पहिल्याच वाक्यात सांगावेत.

आपली,
शाळेची परिचारिका